पालखीची वाट आणि माझी पहिली लॉस ॲडव्हाइस

माझा नाच सिंगापूरला ऑफिसच्या ईमेलमधून गेलाय. अटॅचमेंट म्हणून. मॅडमच्या हुकमावरून, पॉलिसी नंबरच्या खाली. हे मी ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग विचारतो, "पण का?" म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

मी भिवंडीची. घर गावात, आजोळ वळ गावाच्या बाजूला, जिथे माझ्या मामाची भाताची शेतं होती आणि आता गोडाऊनं आहेत. नोकरी मुंबईत, एका विमा कंपनीच्या रिइन्शुरन्स खात्यात. हे नाव घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं की ज्यांचा विमा बुडाला त्यांना मी परत विमा विकते. तसं नाही. विमा कंपनीसुद्धा विमा काढते, एवढं लक्षात ठेवा, बास. एखाद्या कारखान्याचा सत्तर कोटींचा विमा आम्ही घेतला आणि उद्या तो कारखाना जळला, तर आम्ही एकटे कुठून देणार? म्हणून आमच्या पाठीमागे आणखी मोठ्या कंपन्या उभ्या असतात. आमच्या करारात असं आहे की एका आगीत पहिले दहा कोटी आम्ही सोसायचे. त्याच्यावर चाळीस कोटींपर्यंतचा पहिला थर पाठीमागच्या कंपन्यांचा. चाळीसच्या वर गेलं तर दुसरा थर. आमच्या इमारतीसारखंच, तळमजला आपला, वरचे मजले भाडेकरूंचे.

हा करार दर वर्षी एक एप्रिलला नवा होतो. त्यामुळे मार्चमध्ये आमच्या खात्यात कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्या मार्चमध्ये तर अजूनच, कारण आमच्या मॅडम एकतीसला रिटायर होणार होत्या. सगळं आयुष्य त्यांनी या एका खात्यात काढलं. हे त्यांचं शेवटचं रिन्युअल. त्या नाश्त्याला बसल्या तरी म्हणायच्या, "हे एवढं स्वच्छ बांधून दिलं की मी मोकळी." सिंगापूरच्या एका कंपनीतल्या बाई आमच्या लीड होत्या, म्हणजे त्या आधी भाव, म्हणजे आम्ही त्यांना द्यायचा हप्ता, ठरवून सही करणार आणि मग बाकीच्या कंपन्या त्यांच्यामागे सह्या करणार. त्यांचा भाव सोमवारी येणार होता.

आणि शुक्रवारी दुपारी माझ्या फोनवर घरच्या ग्रुपमध्ये आमच्याकडच्या एका कापड कारखान्यातल्या धुराचा व्हिडिओ आला.

शुक्रवार म्हणजे भिवंडीत लूम, कापडाचे माग, बंद. हे देवाचंच म्हणायचं. आत कुणी नव्हतं, वॉचमन बाहेर चहा पीत होता, एकाही माणसाला ओरखडा नाही. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत टेकले. मग व्हिडिओ परत बघितला आणि उठून उभी राहिले, कारण धुराच्या अलीकडे जी निळी पाण्याची टाकी दिसत होती ती माझ्या मामाची होती.

"मॅडम! आग! आमच्याकडे! मोठी!"

"आमच्याकडे म्हणजे कंपनीकडे की तुझ्याकडे?"

"दोन्हीकडे!"

मॅडमनी चष्मा खाली केला. मी एका दमात सांगितलं. कारखान्याचे दोन शेड आहेत. पहिल्यात लूम आणि कोरं कापड, दुसऱ्यात तयार मालाचं गोडाऊन. विमा आपला. जमीन कारखान्याच्या शेटनी भाड्यानं घेतलेली, आणि जमिनीचा मालक माझा सख्खा मामा.

मॅडमनी पॉलिसीची फाइल उघडली. मग म्हणाल्या, "शेडचा विमा शेटचा. मामांचा त्यात काही पैसा अडकलाय?"

"नाही. त्यांना फक्त भाडं मिळतं."

"तरी हे मी आत्ताच वर कळवते. आणि तू आकड्याला हात लावायचा नाहीस. आकडा सर्वेअर जागेवर नुकसान बघून सांगेल, मी तपासेन, तू टाइप करशील. तुझ्याइतकं भराभर इथे कुणाला येत नाही, तेवढाच तुझा हातभार. उद्या सर्वेअरबरोबर जा. रस्ता तरी दाखव त्यांना."

मी तेव्हाच कीबोर्ड ओढला आणि ईमेल सुरूपण केली. माझी पहिली लॉस ॲडव्हाइस! लॉस ॲडव्हाइस म्हणजे पाठीमागच्या कंपनीला कळवणं की बाई गं, नुकसान झालंय, सध्या आम्हाला एवढं वाटतंय, तयार राहा. कुणाचा विमा, कुठली जागा, केव्हा काय झालं, सर्वेअर कोण, प्राथमिक अंदाज किती, त्यातला आमचा भाग किती आणि त्यांचा किती. मी विषयाच्या ओळीत तीन उद्गारचिन्हं दिली होती. मॅडमनी मागून येऊन तिन्ही पुसली.

"ही बारशाची पत्रिका नाही. तीन गोष्टी लक्षात ठेव. लगेच कळवायचं, खरं कळवायचं, आणि जेवढं माहीत आहे तेवढंच कळवायचं. बाकी शब्द वाया."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोनच ओळी पाठवल्या. आग लागलीय, सर्वेअर नेमलाय, अंदाज लवकरच. सिंगापूरहून लगेच उत्तर आलं. फार सभ्य, आणि फार थंड. माणसं सुखरूप आहेत याचा आनंद वाटला. बातम्यांमधला व्हिडिओ आम्ही बघितला, त्यात सगळं आवार धुरात दिसतं. तुमचा प्राथमिक अंदाज येईपर्यंत आम्ही रिन्युअलचा भाव थांबवत आहोत.

मॅडमनी ते वाचलं आणि मूगभजीचा कागद तसाच बाजूला सरकवला. तेव्हा मला समजलं काय टांगणीला लागलंय. दोन्ही शेड गेले असतील तर नुकसान सत्तरच्या घरात. पहिला थर साफ आणि दुसराही फाटणार, मग भाव वाढणार, अटी वाढणार आणि एकतीस तारखेला मॅडम घरी जातील तेव्हा करार अर्धवट लटकलेला असेल. बरं, आज कमी आकडा सांगितला आणि महिन्याभरानं तो दुप्पट झाला तर त्याहून वाईट. इतक्या वर्षांत मॅडमचा एकही अंदाज असा फुगलेला नाही. सिंगापूरच्या बाई मॅडमच्या शब्दावर सही करायच्या, आणि मॅडमना तो शब्दच तसाच्या तसा मागे ठेवून जायचं होतं.

शनिवारी सकाळी सर्वेअर सरांना मी नाक्यावर भेटले. सर निजामपुऱ्यातले, कोकणी मुसलमान, घरात आजोबांपासून लूम. आता केस पांढरे, पायात गमबूट, खिशात दोन फोन. माझ्या पायातल्या नव्या कोल्हापुरी बघून म्हणाले, "बेटा, शादीला चाललीस की सर्वेला?"

आग विझली होती पण पहिल्या शेडमधून अजून वाफ येत होती. आत काही उरलं नव्हतं. पत्रे वाकून खाली आलेले, लूमच्या रांगा काळ्या सांगाड्यांसारख्या. मला रडू येईल असं वाटलं. सरांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. "खा. रिकाम्या पोटी नुकसान जास्त दिसतं."

आणि मग आम्ही वळून बघितलं तर दुसरा शेड उभा! भिंत काळी पडलेली, पण उभा. शटर अर्धं वर करून अग्निशमनवाल्यांनी आम्हाला दारातूनच बघू दिलं. काजळी होती, जमिनीवर पाणी होतं, खालच्या थप्प्या भिजल्या होत्या. वरच्या थप्प्यांवरचं प्लास्टिकसुद्धा वितळलं नव्हतं. दोन शेडांच्या मध्ये एक मोकळी गल्ली, चांगली रुंद, आणि तिच्यात चिखलात बंबाच्या चाकांचे खोल ठसे.

"बंब इथे आत उभा होता?" सरांनी विचारलं.

"इथूनच तर मारलं पाणी," तिथला जवान म्हणाला. "गल्ली रिकामी मिळाली म्हणून. नायतर दुसरा पण गेला होता." त्यानं फोनमधला फोटो दाखवला. गल्लीच्या मधोमध लाल बंब, इकडे ज्वाळा, तिकडे भिंतीवर पाण्याचा फवारा. सरांनी तो फोटो मागून घेतला, शिवाय फायर स्टेशनकडून तसं रीतसर पत्रही घेईन म्हणाले.

तेवढ्यात माझा मामा आला. लुंगी, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन, हातात किल्ल्यांचा जुडगा. मामा गावच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष आहे, आणि जगात जे जे बरं होतं ते कमिटीमुळे होतं असं त्याचं मत आहे.

"बगितलंस ना पोरी? ही गल्ली कुनी राखली? मी राखली! शेट तीन वर्सं मागं लागला व्हता, मामा, वर पत्रा टाकू द्या, वाढीव भाडं देतो. मी म्हनलं, न्हाय. ही गावदेवीच्या पालखीची वाट हाय. पत्र्याखालून देवी जायाची न्हाय."

"म्हणजे ही गल्ली वर्षभर रिकामी असते?" सर.

"वर्सभर! एक पुठ्ठा ठेवला तरी मी फेकतो. ईचारा शेटला, किती शिव्या खाल्ल्यात त्यानं माज्या."

मी तर उडीच मारली. मला वाटलं झालं, सुटलो! सरांनी वाफेतच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हिशोब मांडला. पहिला शेड, इमारत, लूम, माल, सगळा पूर्ण गेला असं धरलं. दुसऱ्या शेडसाठी काजळी आणि पाण्याचं नुकसान, तेही हात मोकळा सोडून. राडारोडा उचलायचा खर्च. सगळं मिळून बत्तीस कोटी. भंगारातून जे येईल ते अजून वजा केलं नव्हतं. म्हणजे दहा आमचे, बावीस पहिल्या थरावर, आणि दुसऱ्या थराला धक्काही नाही.

मामानं मागून डोकावलं. "बत्तीस? आरं चाळीस तरी लिवा, गावची इज्जत हाय."

"मामासाहेब, आगीत इज्जत नाय जळाली, कापड जळालं," सर म्हणाले.

मी आजोळीच ओटीवर बसून ईमेल टाइप केली. मामी चहा आणतेय, शेजारची पोरं स्क्रीनमध्ये तोंड घालतायत, आणि मी टकाटक टकाटक. कारण अद्याप कळलेलं नाही. अंदाज प्राथमिक आहे, सर्वेअरच्या पहिल्या पाहणीवर आधारलेला आहे, बदलू शकतो. दायित्व मान्य केलेलं नाही, हक्क राखून कळवत आहोत. मॅडमनी घरून तपासली, दोन विशेषणं काढली, आणि ती गेली.

सोमवारी सकाळी उत्तर आलं, आणि आमच्या टेबलावरचा चहा गार झाला.

बाईंनी लिहिलं होतं, अंदाजाबद्दल आभार. पण दोन वर्षांपूर्वीचा तुमच्याच इंजिनिअरचा पाहणी अहवाल आमच्या फाइलला आहे. त्यात म्हटलंय की दोन शेडांमधल्या गल्लीत जळाऊ सामान साठवलं जातं, त्यामुळे दोन्ही शेड एकच जोखीम धरावेत, म्हणजे एक पेटला की दुसराही जाणार. मग दुसरा शेड वाचला हे तुम्ही दारातून बघून कशाच्या आधारावर म्हणता? आगीच्या दिवशी गल्ली रिकामी होती का, आणि असली तर का?

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मामाला फोन लावला. स्पीकरवर.

"मामा, गल्लीत कधी सामान असतं का?"

"न्हाय म्हनलं ना!"

"आमच्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी बघितलंय. लिहून ठेवलंय."

मग मामाचा आवाज एकदम बारीक झाला. "कवा आलता तो? टायवाला? गोरासा?"

"हो."

"आरं तो जत्रेच्या आठवड्यात आलता! तवा बांबू व्हते. मांडवाचे. आनि कापडं, खुर्च्या, जेवनाची पातेली. ती आमी दरसाल तितंच टाकतो, जत्रंच्या आदी थोडे दिस. मग मांडव उबा राहिला की गल्ली साफ. पालखीला वाट."

मॅडम पुढे झुकल्या. "नमस्कार. मी हिची मॅडम. यंदाची जत्रा कधी आहे?"

"पुडच्या आठवड्यात, ताई."

पुढच्या आठवड्यात! म्हणजे बांबू यायची हीच वेळ.

"मग यंदा बांबू आले होते का?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"न्हाय ना! तो मांडववाला! बुदवारी येतो म्हनला, न्हाय आला. गुरवारी येतो म्हनला, न्हाय आला. दुसऱ्या गावाला लग्नात अडकला. मी त्याला फोनवर काय काय बोललो ते तुमच्यासमोर सांगता येत न्हाय. आता वाटतंय त्याच्या घरी पेढे घेऊन जावं. बांबू असतं तर बंब आत शिरला नसता, ताई."

फोन ठेवला आणि मी लगेच टाइप करायला बसले. मला सगळं मस्त जुळलेलं दिसत होतं. गल्ली धार्मिक कारणासाठी मोकळी ठेवली जाते, जमिनीचा मालक तशी अट पाळून घेतो, आगीच्या दिवशी ती रिकामी होती, सोबत बंबाचा फोटो. पाठवू?

"बांबू कुठेत?" मॅडम.

"बांबू नव्हतेच ना मॅडम त्या दिवशी."

"दरवर्षी असतात. तेही लिही."

"पण मॅडम, त्यांनी एवढंच विचारलंय की त्या दिवशी—"

"त्यांनी विचारलंय 'का'. का रिकामी होती? पालखीमुळे वर्षभर, आणि त्या दिवशी मांडववाला उशिरा आला म्हणून. हे दुसरं खरं आहे की नाही?"

"आहे. पण ते वाचून त्या भाव वाढवतील."

"वाढवू देत." मॅडमनी भजीच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "हे बघ. उद्या त्यांचा माणूस पाहणीला येईल आणि गल्लीत बांबू बघेल. मग ते बत्तीसवर विश्वास ठेवतील? आपल्या कुठल्याच आकड्यावर ठेवतील? मला रिन्युअल हवंय गं, झोप नाही लागत मला. पण असं नको. लिही."

मी लिहिलं. आणि इंग्रजीत पालखी लिहायची कशी यावरून आमचं भांडण झालं. मी 'देवाची खुर्ची' लिहिलं, मॅडम म्हणाल्या देव काय डेंटिस्टकडे गेलाय का. शेवटी पालखी तसंच ठेवलं आणि पुढे एक साधं वाक्य, की गावची देवी वर्षातून एकदा या वाटेनं खांद्यावरून जाते. इंजिनिअर त्या काळात आला होता हे लिहिलं. मांडवाचं सामान थोडे दिवस तिथे असतं हे लिहिलं. यंदा ते आलं नव्हतं आणि का आलं नव्हतं, तेही लिहिलं. आणि जमीनमालक टाइप करणारीचा मामा आहे, म्हणून गल्लीबद्दलचा मुख्य आधार फायर स्टेशनचं पत्र आणि फोटो हा धरावा, हेही मॅडमनी स्वतः घातलं.

"एखादा जुना पुरावा असता ना, वाट खरंच मोकळी असते याचा," मॅडम पुटपुटल्या. "जत्रेचा फोटोबिटो."

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

"व्हिडिओ आहे," मी म्हटलं.

मामेभावानं गेल्या वर्षी काढलेला. तो फोन धरून उलटा चालत होता, त्यामुळे त्यात अख्खी गल्ली येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही शेडांच्या भिंतींसकट. एकदम मोकळी. मागे पालखी, बाजूला बेंजोवाले, आणि पुढे, सगळ्यात पुढे, पदर खोचून, गुलालानं लाल झालेली, दोन्ही हात वर करून, मी.

मॅडमनी तो तीनदा बघितला. पहिल्यांदा पुरावा म्हणून. पुढच्या दोन वेळा कशासाठी ते मला माहीत नाही, पण तोवर शेजारच्या मोटर क्लेममधली चार माणसं त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"मला कापता नाही का येणार त्यातून?" मी रडकुंडीला.

"पुराव्यात काटछाट चालत नाही," मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "मूळ प्रत जोड."

जोडली. फायर स्टेशनचं पत्र, बंबाचा फोटो, सर्वेअरची टिपणं, आणि चौथा माझा नाच. खाली मॅडमचं नाव. बटण त्यांनी मला दाबायला दिलं.

मग वाट बघणं. मी टाइप करू शकते, वाट बघू शकत नाही. मी तीन वेळा पाणी भरून आणलं, मॅडमच्या फाइली रंगांप्रमाणे लावल्या, मग त्यांनी ओरडल्यावर परत होत्या तशा लावल्या. मॅडम शांत बसल्या होत्या, पण त्यांनी स्टेपलर उघडून त्यातल्या पिना एकेक करून सुट्ट्या केल्या होत्या. पूर्ण पट्टी.

दुपारी फोन वाजला. ईमेल नाही, फोन! सिंगापूरच्या बाई. मॅडमनी उचलला आणि इंग्रजीत "येस, येस" म्हणत राहिल्या, मला काही कळेना. मग त्या हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं, टेबलाला धरून. फोन ठेवला, डोळे पुसले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यांच्या फाइलला आजवर गल्लीबद्दल असं उत्तर आलं नाही. म्हणाल्या, बत्तीस त्या नोंदवून घेतायत, पुढचा सर्वे रिपोर्ट आला की बघू. म्हणाल्या, बांबूची गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर त्यांना कधीच कळली नसती, म्हणून बाकी सगळ्यावर विश्वास ठेवणं सोपं गेलं."

"आणि भाव?"

"दुसऱ्या थराचा गेल्या वर्षीचाच. पहिल्याचा थोडा वाढवलाय, तो वाढायचाच होता, बावीस कोटी गेलेत बाई त्यांचे. संध्याकाळी सही करतायत." मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "फक्त एक शिफारस घातलीय. मांडवाचं सामान इथून पुढे गल्लीत ठेवायचं नाही. आणि ते पाळलं याचा पुरावा पाठवायचा."

मोटर क्लेमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मॅडमना मिठी मारली. ऑफिसात! त्यांनीपण मारली.

"आणखी एक विचारलं त्यांनी," मॅडम माझ्या कानाजवळ म्हणाल्या. "ती पुढे नाचणारी मुलगी जत्रा कमिटीत आहे का."

आता खरं संकट उरलं होतं, मामा. शिफारस त्याला सांगायची म्हणजे गावात पिढ्यानपिढ्या बांबू जिथे पडतात तिथून हलवायचे. संध्याकाळी फोन केला.

"तिकडची बाई मला सांगनार बांबू कुटं ठेवायचं?"

"मामा, तिनं तुझी वाट मानली. पालखीची वाट तिच्या फाइलला लागली. आता तूच तिच्यात बांबू टाकणार?"

बराच वेळ नुसता किल्ल्यांचा आवाज. मामा विचार करताना किल्ल्या वाजवतो.

"देवीची वाट तिच्या फाइलला लागली?"

"लागली."

"इंग्लिशमदी?"

"हो."

"मग माज्या आंगनात टाकतो. पन तुज्या मामीला तू सांग."

एकतीसला मॅडमना निरोप दिला. केक, शाल, नारळ. करारावरच्या सगळ्या सह्या आल्या होत्या, त्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मॅडमनी नव्या साहेबांच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." एवढंच.

आणि पुढच्या आठवड्यात आमच्या जत्रेला रिक्षातून मॅडम उतरल्या. मोरपंखी साडी, केसात गजरा. मामानं त्यांना स्वतः पाट दिला, मामीनं वडे आणि मटण वाढलं, आणि "बांबू माज्या तुळशीपाशी पडलेत बगा चार दिस, तुमच्यामुळं," असं सुनावूनही घेतलं. सर्वेअर सर पण आले होते, यावेळी चपला घालून. मांडववाल्याला मामानं पहिल्या पंगतीत बसवलं आणि पेढा भरवला. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की उशिरा आल्याबद्दल एवढा मान कशाला.

पालखी निघाली. एका बाजूला जळका शेड, त्यातला राडा उचलून तिथे नवीन खांब टाकायचं चाललेलं. दुसऱ्या बाजूला उभा शेड, काळ्या भिंतीवर शेटनी अर्धा पांढरा रंग मारलेला. मध्ये वाट, झाडलेली, पाणी शिंपडलेली, एक काडी नाही. मला शिफारस पाळल्याचा पुरावा पाठवायचा होता, म्हणून यंदा फोन मीच धरला आणि उलटी चालायला लागले. म्हटलं, यंदा तरी मी व्हिडिओत नाही.

बेंजोवाल्यांनी सूर बदलला. गर्दीतून कुणीतरी पुढे आलं, पदर खोचला, आणि दोन्ही हात वर केले. मी स्क्रीनवरून नजर काढून बघितलं, तर मोरपंखी साडी.

"मॅडम, हे सिंगापूरला जाणार आहे!"

"जाऊ दे," मॅडम ओरडल्या. "मूळ प्रत जोड!"